कर्नाटकातल्या कॉफीला ब्राझीलची थंडी का बाधते

प्रश्न: नागपूरच्या प्रतापनगरला राहते. घरी वर्षानुवर्षं अर्ध्या किलोचं फिल्टर कॉफीचं पाकीट येतं. २०२३ पासून त्याची किंमत भराभर चढत गेली. दुकानदार म्हणतात, "ताई, ब्राझीलमध्ये पाऊस नाही." पण पाकिटावर तर चिकमगळूर लिहिलंय! मग ब्राझीलचा काय संबंध? आणि मध्ये भाव उतरल्याची बातमी आली तेव्हा पाकीट स्वस्त का नाही झालं?

उत्तर:

तुमचे दुकानदार खरंच सांगतायत, फक्त मधल्या सगळ्या पायऱ्या गाळून. मी नागपुरातच कॉफी भाजतो. कच्चा दाणा चिकमगळूर आणि कोडगूकडून मागवतो, भाजून, दळून दुकानांना देतो. त्या गाळलेल्या पायऱ्यांवरच माझा धंदा उभा आहे, म्हणून त्या जरा सावकाश सांगतो.

भारतात वर्षाला साडेतीन लाख टनांच्या आसपास कॉफी पिकते आणि त्यातली जवळजवळ सत्तर टक्के परदेशी जाते. इटली, जर्मनी, रशिया, बेल्जियम ही आपली मोठी गिऱ्हाइकं. म्हणजे कोडगूतल्या मळेवाल्याच्या दारात दोघे जण उभे असतात. एक निर्यातदाराचा माणूस, दुसरा माझ्यासारखा देशी भाजणारा. इटलीतला खरेदीदार जो भाव द्यायला तयार आहे त्यातून बंदरापर्यंतचा खर्च, साफसफाई आणि आपला नफा वजा करून निर्यातदार मळ्यावरचा भाव ठरवतो. मला माल हवा असेल तर मला तेवढाच भाव द्यावा लागतो. कॉफी आपल्याच देशातली आणि पिणारेही आपलेच, म्हणून किलोमागे वीस रुपये कमी घ्या, असं मी म्हटलं तर मळेवाला चहा पाजेल आणि हसून निरोप देईल.

हे नेहमीच असं नव्हतं. पूर्वी मळेवाल्यांना आपली कॉफी सरकारी कॉफी बोर्डाकडे जमा करावी लागे. बोर्ड निर्यातीचा लिलाव वेगळा करी आणि देशातल्या विक्रीचा वेगळा. त्यामुळे घरच्या बाजाराला थोडा आडोसा होता. नव्वदच्या दशकात ही सक्ती टप्प्याटप्प्याने सैल झाली आणि १९९६ मध्ये पूर्ण संपली. मळेवाल्यांचं त्यात भलं झालं, कारण पैसे हातात यायला त्यांना फार थांबावं लागायचं. पण त्या दिवसापासून नागपूरचं पाकीट जगाच्या भावाला बांधलं गेलं. बाहेरून स्वस्त दाणा आणावा म्हटलं तर देशात विकण्यासाठी आणलेल्या कॉफीवर आयात शुल्क इतकं जबर आहे की तो विचार माझ्यासारख्याने करूच नये.

आता 'जगाचा भाव' म्हणजे नक्की कुठला? कॉफीच्या मुख्य जाती दोन. अराबिका उंचावर, सावलीत होणारी, वासाला आणि चवीला नाजूक. रोबस्टा कडक, जाड अंगाची, जास्त फेस देणारी आणि एरवी स्वस्त. अराबिकाचा वायदा, म्हणजे पुढच्या महिन्यांत द्यायच्या मालाचा आज ठरणारा सौदा, न्यूयॉर्कला चालतो आणि तिथे भाव बोलतात एक पौंड वजनाला इतके सेंट असा. रोबस्टाचा वायदा लंडनला चालतो, तिथे भाव टनाला इतके डॉलर. भारतात पिकणाऱ्या कॉफीत साधारण सत्तर टक्के रोबस्टा असते, म्हणून कोडगूचे मळेवाले न्यूयॉर्कपेक्षा लंडनकडे जास्त लक्ष ठेवून असतात. दुपारनंतर लंडनचा बाजार हलला की संध्याकाळपर्यंत मडिकेरीचा व्यापारी नवा भाव सांगतो. मी दुपारी बाराला फोन केला आणि सहाला केला तर आकडे वेगळे असतात. तुमच्या फिल्टर कॉफीत बहुधा दोन्ही जाती मिसळलेल्या असतात, त्यामुळे तुम्ही दोन्ही बाजारांच्या तडाख्यात आहात.

आता ब्राझीलकडे जाऊ. ब्राझील वर्षाला आपल्या दहापट कॉफी पिकवतं. जगातल्या कॉफीचा तिसरा हिस्सा किंवा त्याहून थोडा जास्त, आणि तोही बराचसा एकाच पट्ट्यात, मिनास जेराइस राज्यात आणि त्याच्या शेजारपाजारी. तिथे हवा बिघडली तर भरपाई करू शकेल असा दुसरा देशच नाही. व्हिएतनाम दुसऱ्या नंबरवर आहे, पण ते पिकवतात ती बहुतेक सगळी रोबस्टा.

पाऊस नाही म्हणजे नेमकं काय बिघडतं, हे विदर्भातल्या माणसाला समजायला सोपं आहे. आपल्याकडे संत्र्याचा आंबिया बहार धरताना झाडाला ताण देतात, आणि मग पाणी सोडलं की झाड फुलतं. कॉफीचं झाडही तसंच वागतं. कोरडा काळ सोसून त्याच्या कळ्या दबा धरून बसतात, एक चांगला पाऊस पडला की आठ-दहा दिवसांत सगळा मळा पांढरा होतो. ब्राझीलमध्ये हे सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमाराला घडतं. पण ताण हवा तेवढाच हवा. तो लांबला आणि वर उन्हाचा कहर झाला तर पानं गळतात, कळ्या जळतात, किंवा फुलं येऊन फळ धरत नाही. २०२४ मध्ये तिथे हेच झालं. पावसाळा उशिरा आला, त्याआधी महिनोन्‌महिने कोरडे आणि तापलेले गेले. मग पाऊस आला, फुलंही आली, पण शेतात फिरणाऱ्यांना दिसत होतं की फांद्यांवर पानंच कमी आहेत. पान नाही तर फळ पोसणार कशावर?

यात लोकांचा एक गोंधळ होतो. २०२४ च्या सप्टेंबरात करपलेली फुलं म्हणजे २०२५ च्या मे ते सप्टेंबरमध्ये तोडायचं पीक. पण भाव वाढला तो २०२४ च्या नोव्हेंबर-डिसेंबरात, पीक हातात यायच्या सहा महिने आधी. वायदे बाजार येणाऱ्या पिकाचा अंदाज आज विकत घेतो, म्हणून बातमी आणि भाव एकाच वेळी येतात, आणि प्रत्यक्ष टंचाई मागाहून. त्या डिसेंबरात न्यूयॉर्कच्या भावाने १९७७ चा जुना उच्चांक मोडला आणि २०२५ च्या फेब्रुवारीत पौंडाला ४०० सेंट ओलांडून पुढे गेला.

थंडीचं गणित याहून वाईट. २० जुलै २०२१ च्या पहाटे मिनास जेराइसमध्ये कडक दहिवर, म्हणजे गोठलेलं दव, पडलं. दुष्काळात एका हंगामाचं फळ जातं, दहिवरात झाडच करपतं. मग शेतकरी ते खोडापाशी छाटतो, नाहीतर उपटून नवीन लावतो. छाटलेल्या झाडाला पुन्हा पुरतं पीक यायला दोन-तीन वर्षं, नवीन रोपाला तीन-चार. म्हणजे एका पहाटेचा हिशेब पुढची काही वर्षं पुरतो. त्यात अराबिकाची सवय अशी की एक वर्ष भरघोस, दुसरं वर्ष विश्रांतीचं. विश्रांतीच्या वर्षात दुष्काळ आला तर आकडे फारच खाली जातात.

आता व्हिएतनाम, कारण तुमच्या पाकिटाला सगळ्यात मोठा धक्का खरंतर तिथून बसला. २०२३ च्या सुरुवातीला लंडनचा रोबस्टा टनाला २,००० डॉलरच्या आसपास होता. व्हिएतनामच्या डाक लाक भागात बरीच वर्षं भाव पडेल राहिल्याने शेतकऱ्यांनी कॉफी काढून दुरियन नावाचं फळ लावायला सुरुवात केली होती. चीनमध्ये त्याला सोन्यासारखा भाव मिळतो. त्यात एल निन्योच्या वर्षात विहिरी-तळी आटली. शेतकऱ्याने माल दाबून ठेवला, मधल्या व्यापाऱ्यांनी आधी ठरलेल्या भावात माल द्यायला नकार दिला, आणि युरोपातले भाजणारे भारत, ब्राझील, इंडोनेशिया असे दिसेल तिथे रोबस्टा शोधत फिरू लागले. २०२४ च्या सप्टेंबरात लंडनचा भाव ५,००० डॉलर कधीच ओलांडून गेला होता. रोबस्टा म्हणजे स्वस्तातला भरणा, या समजुतीवर आमचं अख्खं मिश्रण बेतलेलं असतं. तीच समजूत मोडली.

आता एक पाकीट उलगडून बघू. तुमच्यासारखंच अर्ध्या किलोचं. त्यात ७० टक्के कॉफी, ३० टक्के चिकोरी, म्हणजे कॉफीत मिसळतात ती भाजलेल्या मुळाची पूड. कॉफीत निम्मी अराबिका, निम्मी रोबस्टा, म्हणजे प्रत्येकी १७५ ग्रॅम. बाजारभाव मी गोल आकड्यांत घेतो आणि भारतीय मालाला मिळणारा थोडा वरचढ भाव बाजूला ठेवतो, नाहीतर हिशेब लांबेल.

२०२३ च्या सुरुवातीला न्यूयॉर्कला पौंडाचे १७० सेंट धरू. किलोत सव्वादोन पौंडांहून थोडं कमी, म्हणजे किलोला पावणेचार डॉलर. डॉलर तेव्हा ८२ रुपयांच्या आसपास, म्हणून कच्ची अराबिका साधारण ३०७ रुपये किलो. रोबस्टा टनाला २,००० डॉलर, म्हणजे किलोला दोन डॉलर, म्हणजे १६४ रुपये. पण कच्चा दाणा तुमच्या पाकिटात जात नाही. भाजताना त्यातलं पाणी उडतं, टरफल निघतं, आणि मध्यम भाजणीला १७ टक्क्यांच्या आसपास वजन घटतं. गडद भाजली तर २० पर्यंत. म्हणजे एक किलो भाजलेल्या कॉफीसाठी मला बाराशे ग्रॅम कच्चा दाणा विकत घ्यावा लागतो. ही घट धरली की अराबिका ३७० वर जाते आणि रोबस्टा १९८ वर. आता प्रत्येकी १७५ ग्रॅम घ्या. अराबिकाचे ६५ रुपये, रोबस्टाचे ३५. पाकिटात शंभर रुपयांची कॉफी.

तोच हिशेब फेब्रुवारी २०२५ चा. अराबिका ४०० सेंट, रोबस्टा ५,५०० डॉलर, डॉलर ८७ रुपये. कच्ची अराबिका ७६७ रुपये, रोबस्टा ४७८. घटीनंतर ९२४ आणि ५७६. पाकिटात अराबिका १६२ रुपयांची, रोबस्टा १०१ ची. शंभराच्या जागी २६३.

बाकी खर्च, म्हणजे चिकोरी, गॅस, दळण, पाकीट, पगार, ट्रकभाडं आणि माझा नफा, मिळून १२० रुपये धरू आणि सोयीसाठी तो हललाच नाही असं मानू. त्यावर दुकानदाराचा नफा आणि कर मिळून २० टक्के. पहिलं पाकीट २२० वर २० टक्के, म्हणजे २६४ रुपयांना. दुसरं ३८३ वर २० टक्के, म्हणजे ४६० रुपयांना.

यात बघण्यासारख्या गोष्टी दोन. दाणा अडीचपटीहून जास्त महागला, पाकीट पावणेदोनपट झालं, कारण पाकिटात दाण्याशिवाय बरंच काही असतं. म्हणूनच भारी, हौसेच्या कॉफीची टक्क्यांतली वाढ कमी दिसते आणि साध्या पाकिटाची जास्त. साध्या पाकिटात दाण्याचा वाटा मोठा. दुसरी गोष्ट, दाण्याची वाढ १६३ रुपयांची आणि पाकिटाची वाढ १९६ ची. मधले ३३ रुपये कुणी चोरले नाहीत, पण दुकानदाराचा नफा आणि कर टक्क्यांत असल्यामुळे दाणा महागला की तेही आपोआप फुगतात. दुकानदार ब्राझीलबद्दल बोलतात, याबद्दल सहसा बोलत नाहीत.

रुपयाचं काय? लोक डॉलरला फार शिव्या देतात, आणि या दोन वर्षांपुरत्या त्या अनाठायी आहेत. वरच्या हिशेबात डॉलर ८२ वरच राहिला असता तर पाकिटातली कॉफी २६३ ऐवजी २४८ रुपयांची झाली असती. म्हणजे १६३ रुपयांच्या वाढीत रुपयाच्या घसरणीचा वाटा जेमतेम १५ रुपये. पण लांब पल्ल्यात रुपया जड जातो. २०१४ मध्ये डॉलर ६० रुपयांच्या आसपास होता; न्यूयॉर्कचा भाव तेव्हाइतकाच असला तरी आज तोच दाणा रुपयांत दीडपटीच्या जवळ पडेल. हवामानाचा तडाखा येतो आणि काही वर्षांनी ओसरतो. रुपयाची झीज तशी भरून येत नाही. मळेवाल्याला मात्र ती आवडते, कारण त्याचा माल डॉलरमध्ये विकला जातो आणि मजुरी रुपयांत द्यायची असते.

चलनाची आणखी एक बाजू आपल्याकडे कुणी सांगत नाही, ती ब्राझीलच्या रेआलची. रेआल स्वस्त झाला की तिथल्या शेतकऱ्याला त्याच डॉलरचे जास्त रेआल मिळतात, तो भराभरा माल विकायला काढतो आणि न्यूयॉर्कचा भाव खाली येतो. एरवी मी हा नियम डोळे मिटून मानतो. २०२४ च्या डिसेंबरात तो चालला नाही. एका डॉलरला तेव्हा सहाहून जास्त रेआल पडत होते, म्हणजे रेआल तोवरच्या नीचांकावर होता, तरी कॉफी उच्चांकावर. कारण शेतकऱ्याने आपला बराचसा माल आधीच विकलेला, उरलेल्याची घाई नाही आणि हातात पैसा. विकायला मालच नसेल तर चलन काय करणार?

"सगळा सट्टा आहे," असं इतवारीतले माझे एक जुने किराणा व्यापारी ठासून सांगतात. मला ते अर्धंच पटतं. सट्टेवाला भाव वाढवतो, पण रिकाम्या गुदामावरच. कॉफीचे साठे सलग काही वर्षं घटत आले होते. अशा वेळी जवळच्या महिन्याचा वायदा लांबच्या महिन्यापेक्षा महाग होतो. म्हणजे आज माल विकला तर जास्त पैसे, सहा महिने ठेवला तर कमी. मग साठा कोण करेल? गुदामं आणखी रिकामी होतात आणि छोट्याशा बातमीनेही भाव उसळतो. त्यात निर्यातदाराची वेगळीच कुचंबणा. तो शेतकऱ्याकडून घेतलेल्या मालाच्या बदल्यात वायदा विकून ठेवतो, भाव पडला तर नुकसान नको म्हणून. भाव वाढला की विकलेल्या वायद्यावर रोजच्या रोज रोख पैसे भरावे लागतात, माल अजून बोटीवर असला तरी. २०२४ च्या अखेरीस कित्येकांची रोकड यातच अडकली. काहींनी खरेदी आवरती घेतली, काहींनी नुकसान सोसून वायदा परत घेतला, आणि त्या परत घेण्यानेच भाव आणखी चढला. हा सट्टा म्हणायचा की सट्ट्यापासून वाचायची धडपड, ते तुम्हीच ठरवा.

आपल्या कर्नाटकातल्या पावसाने पाकिटाचा भाव ठरत नाही का, असं तुमच्या मनात येईल. जगाच्या कॉफीत भारताचा वाटा साडेतीन टक्क्यांच्या आसपास, त्यामुळे कोडगूत पाऊस चुकला म्हणून लंडनचा बाजार ढिम्म हलत नाही. पण माझ्या खिशाला तो पाऊस कळतो. तिथे फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये फुलोऱ्याचा पाऊस लागतो आणि त्यानंतर काही आठवड्यांनी फळ धरायला दुसरा. पाणी असलेले रोबस्टावाले तुषार सिंचनाने फुलोरा आणतात, डोंगरातला अराबिकावाला आभाळाकडे बघतो. जुलै-ऑगस्टमध्ये पाऊस अती झाला तर हिरवी फळं गळतात, बुरशीने काळी पडतात. आणि डिसेंबर-जानेवारीत अवकाळी आला तर अंगणात वाळत घातलेली फळं भिजतात.

हे शेवटचं सगळ्यात महाग पडतं, आणि ते भावात दिसत नाही. वाळलेलं फळ, ज्याला तिकडे चेरी म्हणतात, ५० किलोच्या पोत्याच्या भावाने विकलं जातं. ते पोतं गिरणीत फोडल्यावर साफ दाणा निघतो २६-२८ किलो. किती निघेल तो आकडा म्हणजे त्या पोत्याचा उतारा. नीट न वाळलेल्या किंवा पोचट फळाचा उतारा पडतो. पोतं त्याच भावात आणि दाणा दोन किलो कमी, म्हणजे मला दाणा सात-आठ टक्के महाग पडला, बाजारात पान हललं नाही तरी. म्हणून मी चेरी घेताना मूठभर फोडून बघतो, ओलावा मापून बघतो, आणि शक्यतो गिरणीतून साफ झालेला मालच घेतो. जाता जाता सांगतो, आपल्या चिखलदऱ्यालाही कॉफी होते. पण ती इतकी थोडी की माझ्या हिशेबात ती बसत नाही, फिरायला जाल तेव्हा जरूर प्या.

आता तुमचा दुसरा प्रश्न, उतरलेला भाव पाकिटावर का दिसला नाही. २०२५ च्या जुलैपर्यंत दोन्ही बाजार बऱ्यापैकी खाली आले होते. न्यूयॉर्क ३०० सेंटच्या आत, लंडन तर फेब्रुवारीच्या मानाने फारच खाली. ब्राझीलच्या नव्या पिकाची तोडणी सुरू होती, बाजारात माल दिसू लागला होता. पण आपल्याकडे कॉफी वर्षातून एकदाच निघते. अराबिका नोव्हेंबर ते जानेवारी, रोबस्टा डिसेंबर ते मार्च. माझ्यासारखे भाजणारे वर्षाची बरीचशी बेगमी त्याच दिवसांत करतात, आणि २०२५ मध्ये ते दिवस नेमके उच्चांकाचे होते. जुलैत तुम्हाला विकलेली कॉफी मी फेब्रुवारीच्या भावात घेतलेली. नवा स्वस्त दाणा घ्यावा म्हटलं तर मळेवाला विकायला तयार नाही, कारण दोन चांगल्या हंगामांनंतर त्याच्यावर कर्जाची टोचणी राहिलेली नसते. तो म्हणतो, थांबू, पुन्हा चढेल.

आणि तो बरोबर निघाला. ऑगस्टमध्ये अमेरिकेने ब्राझीलच्या मालावर ५० टक्के शुल्क लावलं. अमेरिकेतले भाजणारे ब्राझील सोडून इतरांकडे वळले आणि न्यूयॉर्कचा भाव पुन्हा ४०० कडे गेला. नोव्हेंबरमध्ये कॉफीला त्या शुल्कातून सूट मिळाली तेव्हा कुठे हवा निघाली. या चढउतारात शुल्काचा वाटा मोठा होता, तरी नागपुरातल्या दुकानात कारण सांगितलं गेलं ते पावसाचंच.

दाण्याच्या भावातला बदल पाकिटापर्यंत पोचायला माझ्या अनुभवात तीन ते सहा महिने लागतात, मोठ्या कंपन्यांना त्याहून जास्त, कारण त्यांनी पुढच्या कित्येक महिन्यांचा माल आधीच ठरवून ठेवलेला असतो. शिवाय चढताना कंपन्यांनी सगळी वाढ एकदम गिऱ्हाइकावर टाकलेली नसते, काही आपल्या अंगावर घेतलेली असते. उतरताना ती आधी वसूल करतात. आणि खरं सांगायचं तर एकदा छापलेली किंमत खाली आणायला आमच्या धंद्यात कुणाचाच हात लवकर उचलत नाही. शेजारच्याने कमी केली तरच होते.

या सगळ्यात तुम्ही बघावी अशी जागा किमतीपेक्षा पाकिटाच्या मागे आहे. दाणा महागला की किंमत न वाढवता दोन गोष्टी करता येतात. वजन ५०० चं ४५० करता येतं, ते तुमच्या लक्षात येईल. किंवा चिकोरी वाढवता येते, ती सहसा लक्षात येत नाही. चिकोरी म्हणजे एका झाडाचं मूळ. गुजरात आणि उत्तर प्रदेशात पिकतं, भाजून दळतात, रंग आणि दाटपणा देतं, आणि त्याच्या भावाचा न्यूयॉर्कशी काही संबंध नाही. त्यात वाईट काही नाही, मलाही फिल्टर कॉफीत वीस-तीस टक्के आवडते. नियमाने ती ४९ टक्क्यांपर्यंत घालता येते आणि कॉफी किती, चिकोरी किती, हे पाकिटावर छापावं लागतं.

तर किंमत भागिले खरी कॉफी, असा हिशेब करा. वरचं ४६० रुपयांचं पाकीट ७० टक्के कॉफीचं, म्हणजे त्यात ३५० ग्रॅम कॉफी, शंभर ग्रॅमला १३१ रुपये. शेजारच्या फळीवर ४०० रुपयांचं पाकीट असेल आणि त्यात कॉफी ५३ टक्के असेल, तर २६५ ग्रॅम कॉफी, शंभर ग्रॅमला १५१ रुपये. साठ रुपयांनी स्वस्त दिसणारं पाकीट कॉफीच्या हिशेबात महाग निघालं. चिकोरी तुम्हाला चवीसाठी हवीच असेल तर गोष्ट वेगळी, पण मग ती वेगळी विकत घेऊन घरी मिसळली तर अजूनच स्वस्त पडेल.

सुटी पावडर घेत असाल आणि दुकानदार "शुद्ध आहे" म्हणत असेल तर ग्लासभर थंड पाण्यावर चिमूटभर टाका. कॉफी बराच वेळ वर तरंगते. चिकोरी लगेच खाली बसू लागते आणि तिच्यामागे तांबूस रेघा उतरतात. किती टक्के आहे ते यातून कळणार नाही, पण आहे की नाही ते कळतं.

भाव पुन्हा चढेल या भीतीने चार-सहा पाकिटं भरून ठेवू नका. दळलेली कॉफी आपल्या मे महिन्यातल्या ४५ अंशांत काही आठवड्यांत वास सोडते आणि वाचवलेले पैसे त्यातच जातात. साठवायचंच असेल तर भाजलेला अख्खा दाणा घ्या, घट्ट डब्यात ठेवा आणि लागेल तसा दळा. माझी स्वतःची खरेदी पुढे कशी जाईल ते मी दोन वेळा पाहतो. जून ते ऑगस्टमध्ये मिनास जेराइसला दहिवर पडतं का, आणि ऑक्टोबरात तिथला पहिला पाऊस वेळेवर येतो का. हे दोन्ही नीट पार पडलं आणि आपला हंगाम सुरू होताना लंडन खाली असला, तर जानेवारीत घेतलेला दाणा एप्रिल-मेच्या पाकिटात थोडा तरी स्वस्त उतरतो. तेव्हा दुकानदारांना किंमत विचारा, आणि उतरलेली नसेल तर ब्राझीलमध्ये पाऊस कसा झाला तेही विचारा.